चौथ्या सत्रातले ६.१ : एका घसरणीचं स्पष्टीकरण कसं लिहिलं गेलं

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर शाखेची विद्यार्थिनी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा २०१९चा पॅटर्न. पहिल्या तीन सत्रांचे एसजीपीए ८.६, ८.८ आणि ८.५. चौथ्याचा ६.१, आणि तोही एम-थ्रीचा, म्हणजे गणित-३चा, बॅकलॉग सुटल्यानंतरचा. पाचव्या सत्रात ८.३, सहाव्यात ९.०. बीईच्या वर्षात ती अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत डेटा सायन्सच्या एमएससाठी अर्ज करत होती. बाकी सगळं तयार होतं, फक्त त्या एका सत्राबद्दल काय लिहायचं ते ठरत नव्हतं. मी कॉलेजात शिकवते आणि दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अशा मसुद्यांवर मुलांबरोबर बसते. हे प्रकरण तिच्या परवानगीने मांडते आहे. नाव, कॉलेज आणि ओळख पटवणारे तपशील गाळले आहेत.

तिने आणलेल्या पहिल्या मसुद्यात स्टेटमेंट ऑफ पर्पजचा, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनाचा, जवळजवळ एक तृतीयांश भाग या सत्रावर खर्च झाला होता. मूळ इंग्रजीतला तो मजकूर मराठीत साधारण असा होता:

> दुर्दैवाने माझ्या चौथ्या सत्रात माझ्या नियंत्रणाबाहेरच्या परिस्थितीमुळे माझे गुण खालावले. माझ्या वडिलांना अचानक हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि आमच्या संपूर्ण कुटुंबावर आभाळ कोसळलं. रुग्णालयाच्या बाकावर बसून मी अभ्यासाचा प्रयत्न करत असे. शिवाय त्या वर्षी आमच्या विद्यापीठात एम-थ्रीचा निकाल अनेकांचा कमी लागला होता. तरीही मी खचले नाही. हे गुण माझी खरी क्षमता दाखवत नाहीत, असं मला नम्रपणे सांगावंसं वाटतं.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी वाचताना कुणीतरी आपल्याशी वाद घालतंय असं वाटत होतं, आणि ते का वाटतं हे शोधणं हेच आमचं पहिलं काम होतं. बहुतेक जण इथे भाषा सुधारायला घेतात. 'दुर्दैवाने' काढतात, 'नम्रपणे' काढतात, विशेषणं छाटतात. त्याने मजकूर आखूड होतो, पण बचावाचा सूर जात नाही, कारण तो शब्दांमधून आलेला नसतोच. सांगितलेलं कारण आणि झालेली घसरण यांची मापं जुळत नसली की लिहिणाऱ्याला ते आतून जाणवत असतं. मग उरलेली फट तो जोर लावून भरतो.

म्हणून मी तिला मसुदा बाजूला ठेवायला सांगितला आणि त्या सत्राची फोड मागितली. २०१९च्या पॅटर्नमध्ये थिअरीच्या प्रत्येक विषयाला सत्राच्या मध्ये ३० गुणांची इन-सेम आणि शेवटी ७० गुणांची एंड-सेम असते. इन-सेमला पहिली दोन युनिटं, एंड-सेमला उरलेली चार. ही फोड अर्ज वाचणाऱ्या परदेशी प्राध्यापकाला दिसेलच असं नाही, कारण गुणपत्रिकेवर विषयापुढे शेवटची श्रेणीच प्रामुख्याने वाचली जाते. पण आम्हाला ती हवी होती, कारण घसरण नेमकी कधी सुरू झाली हे तिच्यातूनच कळतं.

एका कागदावर डावीकडे महिने लिहिले, मधे घरात काय घडलं ते, उजवीकडे गुण.

सत्र जानेवारीत सुरू झालं. इन-सेम मार्चच्या शेवटी झाली. डेटा स्ट्रक्चर्स, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, मायक्रोप्रोसेसर आणि पीपीएल या चारही विषयांत तिला ३० पैकी २२ ते २६ होते, म्हणजे तिच्या नेहमीच्या पट्टीतले. एम-थ्रीमध्ये ९.

वडिलांना झटका आला तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. चार दिवसांनी बायपास झाली. अप्पा बळवंत चौकाजवळ त्यांचं शालेय पुस्तकांचं छोटं दुकान आहे. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उघडलेलं असतं आणि ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर वजन उचलायचं नाही, हात ताणायचे नाहीत, अशी सक्त ताकीद असते. पुस्तकाच्या दुकानात वजन उचलल्याशिवाय काहीच होत नाही. वह्यांचे गठ्ठे, गाइडांची खोकी सतत वर-खाली करावी लागतात. आणि हा काळ म्हणजे नेमका मे-जून. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्याआधीचे तीन-चार आठवडे पालक याद्या घेऊन रांगा लावतात. चौकातल्या लहान दुकानांची वर्षभराची कमाई या दिवसांवर उभी असते. दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं. सकाळी आई बसायची, दुपारी चारनंतर ही बसायची, रात्री नऊला शटर खाली. तिची एंड-सेम जूनमध्ये होती.

कागद पूर्ण झाल्यावर तो तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "एम-थ्रीचे ९ मार्चचे आहेत. बाबा एप्रिलमध्ये आजारी पडले. मग ते ९ कशाने आले?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ते रोबोटिक्समुळे."

कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये ती होती आणि फेब्रुवारीअखेर स्पर्धा होती. एम-थ्रीची लेक्चर्स नेमकी टीमच्या कामाच्या वेळेला यायची. नंतर नोट्स घेऊन करता येईल, असं तिने धरलं होतं. लिनिअर डिफरन्शिअल इक्वेशन्स आणि ट्रान्सफॉर्म्स हे भाग नोट्स वाचून येत नाहीत, हाताने गणितं सोडवावी लागतात. इन-सेमचे गुण आल्यावर आपण मागे पडलोय हे तिला कळलं, पण तिने ना सरांना विचारलं ना मैत्रिणींना. मग एप्रिल आला आणि उरलेल्या चार युनिटांना वेळच राहिला नाही.

म्हणजे एका सत्रात दोन निरनिराळ्या घसरणी होत्या. चार विषय नेहमीच्या पट्टीवरून सी-बीपर्यंत खाली आले, ते घरच्या परिस्थितीमुळे. एक विषय गेला तो मुख्यतः तिने सत्राच्या सुरुवातीला घेतलेल्या निर्णयामुळे. पहिल्या मसुद्यात तिने दोन्हींवर वडिलांच्या आजारपणाचं एकच पांघरूण घातलं होतं, आणि ते एम-थ्रीपर्यंत पुरत नव्हतं. आभाळ कोसळणं, रुग्णालयाचं बाक, इतरांचाही कमी लागलेला निकाल, ही सगळी ओढाताण त्या उघड्या राहिलेल्या भागासाठी चालली होती.

हा भाग झाकून चालणारही नव्हता. एम-थ्रीमध्ये पुढे संख्याशास्त्र आणि संभाव्यता येते. डेटा सायन्सला अर्ज करणाऱ्या मुलीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या प्रयत्नात सुटलेला विषय नेमका तोच असेल, तर वाचणाऱ्याची नजर आधी तिथेच जाणार. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये सी का, हे तो कदाचित विचारणारही नाही. स्पष्टीकरण सगळ्यांत जास्त जिथे लागणार होतं तिथेच आजारपण सर्वांत कमी कामाचं होतं.

दुसरा मसुदा तिने दोन दिवसांनी पाठवला आणि तो पार उलट्या टोकाला गेलेला होता.

> त्या सत्रात मी अत्यंत बेजबाबदारपणे वागले. एम-थ्रीकडे मी अक्षम्य दुर्लक्ष केलं आणि त्याची मला आजही लाज वाटते. माझ्या अपयशाला मी स्वतः पूर्णपणे जबाबदार आहे आणि कोणतीही सबब सांगू इच्छित नाही.

सबबी सांगायच्या नाहीत हे ऐकून ऐकून मुलं इथे पोचतात, आणि माझ्या मते हा मसुदा पहिल्याइतकाच अडचणीचा आहे. एक तर यात माहिती नाही. काय झालं, कधी झालं, किती काळ चाललं, काहीच कळत नाही. कळते ती फक्त लिहिणारीची मनःस्थिती. दुसरं म्हणजे स्वतःला इतकं झोडपलं की वाचणाऱ्यावर 'अगं, एवढं काही नाही' म्हणायची जबाबदारी येऊन पडते, आणि अनोळखी माणसाला ती नको असते. शिवाय 'पूर्णपणे' हा शब्द खरा नव्हता. चार विषयांतली घसरण तिच्या बेजबाबदारपणाने झाली नव्हती. बायपासनंतरच्या सीझनमध्ये दुकान सांभाळणाऱ्या मुलीने स्वतःला बेजबाबदार म्हणवून घेणं हीही चुकीची माहितीच आहे.

मग आम्ही वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिलं. त्याच्यासमोर अर्जांचा ढीग असतो आणि प्रत्येकाला मिनिटं मोजकी. गुणपत्रिकेत खड्डा दिसला की त्याच्या मनात तीन गोष्टी येतात. हे कशाने झालं, ते संपलंय का, आणि आमच्याकडे अवघड सत्र आलं तर ही काय करेल. सहानुभूती वाटावी की नाही हा त्याचा प्रश्न नसतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'मी आता खूप कणखर झाले आहे' असं देऊन भागत नाही, कारण ते कुणीही लिहू शकतं. त्याचं उत्तर पाचव्या आणि सहाव्या सत्रात तिने प्रत्यक्ष काय केलं यातच असतं.

तिने जे केलं होतं ते तिला सांगण्यासारखं वाटतच नव्हतं, म्हणून दोन्ही मसुद्यांत त्याचा उल्लेख नव्हता. एम-थ्री तिने लगेचच्या हिवाळी परीक्षेत सोडवला, बी श्रेणीत. पाचव्या सत्रात रोबोटिक्स टीममध्ये राहिली, पण स्पर्धेच्या मुख्य गटातून बाहेर पडून. दुकानात फक्त रविवारी बसायची. संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा एनपीटीईएलचा एक ऑनलाइन कोर्स केला, आणि नुसता व्हिडिओ बघून सोडला नाही तर केंद्रावर जाऊन परीक्षाही दिली. तिथे अंतिम गुणांत असाइनमेंटचे २५ टक्के आणि देखरेखीखालच्या परीक्षेचे ७५ टक्के धरतात, त्यामुळे त्या प्रमाणपत्राला वजन आहे. तिचे ७८ टक्के आले होते. सहाव्या सत्रात डेटा सायन्स अँड बिग डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये ओ ही सर्वोच्च श्रेणी. एवढा पुरावा हाताशी असताना ती बाकावरच्या अभ्यासाचं वर्णन करत बसली होती.

शेवटी जे लिहिलं गेलं ते एवढंच:

> माझ्या चौथ्या सत्राचा एसजीपीए ६.१ आहे; त्याआधीच्या तीन सत्रांत तो ८.५ ते ८.८ होता. त्या सत्रात एप्रिलमध्ये माझ्या वडिलांची बायपास झाली. जूनअखेरपर्यंत आमचं पुस्तकांचं दुकान आईबरोबर चालवायचं मी ठरवलं, आणि चार विषयांतली घसरण त्या काळातली आहे. गणित-३ मध्ये मी नापास झाले त्याचं कारण त्याआधीचं आहे: रोबोटिक्स स्पर्धेच्या तयारीसाठी मी त्या विषयाची लेक्चर्स सोडली, आणि मार्चमध्ये मागे पडल्याचं कळूनही मदत मागितली नाही. पुढच्याच परीक्षेत मी तो विषय सोडवला, त्यानंतर संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा एनपीटीईएल कोर्स देखरेखीखालच्या परीक्षेसह पूर्ण केला (७८ टक्के), आणि सहाव्या सत्रात डेटा सायन्सच्या विषयात ओ श्रेणी मिळवली. वडील त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून पुन्हा दुकान पाहतात.

यातल्या काही निवडींवर आम्ही बराच वेळ घालवला, त्या सांगते.

पहिलं वाक्य आकड्याचं आहे. खड्डा कुठे आहे ते लिहिणारीनेच बोट ठेवून दाखवलं की वाचणारा शोधक राहत नाही. आधी कारण आणि मग आकडा अशी मांडणी केली, तर आकडा येईपर्यंत वाचणाऱ्याला वाटत राहतं की काहीतरी झाकलं जातंय.

'चालवावं लागलं' की 'चालवायचं मी ठरवलं' यावर तर घरापर्यंत चर्चा गेली. वडिलांना मुळात दुकानाचा उल्लेख नको होता. "लोकांना वाटेल मीच पोरीला गल्ल्यावर बसवलं," असं ते म्हणाले. त्यांच्या आजारपणाबद्दल परक्यांना लिहायचं तर त्यांची परवानगी हवीच, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. मुलं हे विसरतात. 'ठरवलं' हा शब्द पाहिल्यावर ते तयार झाले. आणि तो शब्द नुसता वडिलांसाठी बरा होता असं नाही. 'लागलं'मध्ये माणूस परिस्थितीने ढकललेला दिसतो. 'ठरवलं'मध्ये त्याने काय निवडलं आणि त्याची कोणती किंमत मोजली हे दिसतं, आणि वस्तुस्थितीही तीच होती. आईने तिला दोनदा अभ्यासाला घरी पाठवलं होतं, तीच परत आली होती.

'मदत मागितली नाही' हे अर्धं वाक्य तिला सगळ्यांत जड गेलं. लेक्चर्स बुडवल्याचं सांगायला ती तयार होती, पण कळूनही गप्प बसल्याचं नको म्हणत होती. माझं मत असं की एवढ्या मजकुरात सर्वांत विश्वासार्ह जागा तीच आहे. लेक्चर्स सोडण्यामागे निदान रोबोटिक्स होतं, गप्प बसण्यामागे काहीच नव्हतं. तेही कुणी न विचारता सांगितलं की आधीच्या वाक्यातलं वडिलांचं आजारपणही वाचणारा शंका न घेता स्वीकारतो. याला कुठलंही विशेषण जोडलेलं नाही, खंतही व्यक्त केलेली नाही.

काही गोष्टी काढल्या. बाकीच्यांचाही निकाल कमी लागला होता, हे खरं असलं तरी गेलं. आपल्याकडे शेजाऱ्याला हे पटतं, पण निवड करणाऱ्यासमोर अर्ज एकटीचा असतो आणि त्या निकालातही काही जण चांगले पास झालेलेच असतात. 'हे गुण माझी क्षमता दाखवत नाहीत' हेही गेलं, कारण ते ठरवणं वाचणाऱ्याचं काम आहे. सहावं सत्र त्याला ते ठरवायला मदत करतं.

शेवटच्या वाक्याबद्दल तिला शंका होती. वडील दुकान पाहतात याचा प्रवेशाशी काय संबंध? संबंध दुसऱ्या प्रश्नाशी आहे. संपलंय का? घरच्या आजारपणाबद्दल वाचल्यावर ही मुलगी दोन वर्षं परदेशात निर्धास्त राहू शकेल का, असं मनात येणं स्वाभाविक आहे. एका वाक्यात त्याचं उत्तर मिळालं.

मजकूर ठेवायचा कुठे, हा प्रश्न तुलनेने सोपा होता. बहुतेक अर्जांत 'अतिरिक्त माहिती'साठी वेगळी जागा असते. तिथे हा परिच्छेद गेला आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज पूर्णपणे तिच्या कामासाठी मोकळं झालं. दोन विद्यापीठांच्या अर्जांत ती जागा नव्हती. तिथे अभ्यासक्रमाबद्दलच्या परिच्छेदाच्या शेवटी दोन वाक्यांत तेवढंच सांगितलं. सुरुवातीला किंवा अखेरीस अजिबात ठेवलं नाही, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात त्या दोन जागाच जास्त राहतात.

शिफारसपत्राचा मात्र विचार करावा लागला. घरच्या अडचणीबद्दल दुसऱ्याने लिहिलं तर ते साक्षीसारखं वाचलं जातं, आपणच लिहिलं तर कैफियतीसारखं. तिला मायक्रोप्रोसेसर शिकवणारे सर त्या सत्रात तिच्या बॅचचे होते आणि सहाव्या सत्रात मिनी प्रोजेक्टचे मार्गदर्शकही होते. दोन्ही काळ पाहिलेला माणूस तोच. तिने त्यांना एका पानावर तारखा, गुण आणि आपण स्वतः काय लिहितोय ते दिलं, आणि त्या सत्राबद्दल काही लिहिणं त्यांना योग्य वाटतं का एवढंच विचारलं. सरांनी लिहिलं की एप्रिलनंतरही तिने एकही प्रॅक्टिकल चुकवलं नाही आणि जर्नल वेळेत पूर्ण केलं. ही गोष्ट तिला आठवतही नव्हती. पुण्यात बऱ्याच ठिकाणी 'तूच लिहून आण, मी सही करतो' अशी पद्धत आहे. मला ती मान्य नाही, आणि अशा प्रकरणात तर ती सरळ नुकसान करते. तीच वाक्यं, तोच सूर तीन कागदांवर आला की साक्षीदार उरतच नाही.

डिस्चार्ज कार्ड जोडायचं का, असं तिने विचारलं. न मागता जोडायचं नाही, पण हाताशी ठेवायचं. न मागता कागद जोडला की आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असं आपणच सुचवल्यासारखं होतं.

याच सुमाराला कॉलेजात प्लेसमेंटही सुरू होती, आणि तिथे स्पष्टीकरणाची मर्यादा उघडी पडली. काही कंपन्या चालू बॅकलॉग नसला की बसू देतात. काहींना आधी कधीही लागलेला, म्हणजे मुलं ज्याला डेड बॅकलॉग म्हणतात तोही चालत नाही. अशा दोन कंपन्यांत तिला अर्जच भरता आला नाही. तिथे कुणी वाचणाराच नसतो, निकष लावून यादी गाळली जाते, आणि कितीही नेमका परिच्छेद तिथे पोचत नाही. फॉर्मवर 'बॅकलॉग होता का' असा सरळ प्रश्न असेल तर 'हो' लिहायचं. मुलं कधीकधी 'आता नाहीये ना' म्हणून 'नाही' लिहितात. पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत ते निघालं की हातातली ऑफर जाते, आणि मग विषय गुणांचा राहतच नाही.

एका कंपनीच्या मुलाखतीत मात्र थेट विचारलं गेलं, चौथ्या सेमला काय झालं. लिहिलेला परिच्छेद पाठ करून म्हणायचा नाही हे आमचं ठरलं होतं. पाठ केलेलं उत्तर कितीही खरं असलं तरी रचलेलं वाटतं. तिने फक्त क्रम लक्षात ठेवला होता: आकडा, बाबा आणि दुकान, एम-थ्री, त्यानंतर काय केलं. अर्ध्या मिनिटात सांगून ती थांबली. समोरचे काही बोलेनात. अशा शांततेत मुलं घाबरून पुन्हा सुरुवात करतात, 'म्हणजे तसं नाही सर, मी खरं तर...', आणि तिथून बचाव सुरू होतो. ती थांबून राहिली. मग त्यांनी विचारलं, "पुन्हा असं झालं तर?" ती म्हणाली की घरी काही झालं तर सांगता येत नाही, पण एखाद्या विषयात मागे पडले तर त्याच आठवड्यात विचारेन; पाचव्या सत्रात थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनला तसं केलं. मॅडमना कितीदा आणि कशासाठी भेटली हेही तिने सांगितलं. ती त्या फेरीतून पुढे गेली.

हीच पद्धत सगळीकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. घसरणीमागे मानसिक आजार असेल तर आजाराचं नाव किंवा औषधं सांगायची गरज नाही. आरोग्याचं कारण होतं, उपचार घेतले, या सत्रापासून नियमित अभ्यास करते आहे, एवढं पुरतं. बाकी गुणपत्रिका दाखवते. सगळ्यांत अवघड प्रकरण असतं ते पुढचं सत्र वर न आलेल्या मुलाचं. खड्ड्यानंतर चढ नसेल तर 'संपलंय' म्हणायला आधारच राहत नाही. अशा वेळी मी मुलांना एक सत्र थांबून अर्ज करायला सांगते, आणि ते ऐकायला कुणालाच आवडत नाही.

तिचे पाच अर्ज गेले होते. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, दोन ठिकाणी नकार, एका ठिकाणी प्रतीक्षायादी. त्या परिच्छेदामुळे काही मिळालं का, हे सांगता येणार नाही, कारण कुठल्याच विद्यापीठाने कारण कळवलं नाही. शैक्षणिक कर्जासाठी ती वडिलांबरोबर बँकेत गेली तेव्हा अधिकाऱ्यांनी गुणपत्रिका चाळताना चौथ्या सत्रावर बोट ठेवलं. वडील बोलायला लागले, "अहो साहेब, त्या वेळी माझंच..." तिने त्यांना थांबवलं आणि तेच चार मुद्दे मराठीत सांगितले, एम-थ्रीसकट. अधिकाऱ्यांनी एनपीटीईएलचं प्रमाणपत्र मागितलं, त्याची झेरॉक्स फाइलला लावली आणि जामीनदाराच्या कागदांकडे वळले.